टिपणीस साहेबांना हवी असलेली शिवी

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत कोण कशावर जळतं, याची माहिती माझ्याइतकी सेक्रेटरीकडेही नाही. चौथ्या मजल्यावरचे तळमजल्याच्या पाण्याच्या प्रेशरवर जळतात. तळमजल्यावरचे चौथ्या मजल्याच्या वाऱ्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या श्वेताच्या आईला समोरच्यांची सून खुपते, कारण ती सासूला ‘मम्मी’ म्हणते आणि वर चहाही करून देते. हे सगळं रीतीला धरून आहे. पण दुसऱ्याला मिळणाऱ्या शिव्यांवर जळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नंदकुमार टिपणीस, तिसरा मजला, माझ्या दाराला दार.

सांताक्रूझची त्यांची जुनी बिल्डिंग पाडायला काढली, तेव्हा ते आणि वसुधावहिनी इकडे आले. विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. इस्त्रीचा शर्ट, कंगव्याने काढलेला सरळ भांग, डोक्यावर या वयातही असे दाट पांढरे केस की न्हाव्याला काम केल्याचं समाधान मिळावं. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की हे मागे सरकून म्हणणार, “या, या, आपण आधी.” लिफ्टमध्ये आधी काय आणि नंतर काय? पण माणूस असा. पहिल्याच आठवड्यात वॉचमनपासून मुलांपर्यंत सगळे त्यांना ‘टिपणीस साहेब’ म्हणायला लागले. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते अंगावर घातल्यासारखं त्यांच्याबरोबरच आलं होतं.

आता आमचा अड्डा. बिल्डिंगच्या खाली, पार्किंगमध्ये, मीटर बॉक्सच्या शेजारी कॅरम आहे. वर पिवळा बल्ब, चार खुर्च्या, चारही वेगवेगळ्या घरांतून हाकललेल्या. संध्याकाळी तिथे मी, जयवंत मेस्त्री आणि गुणाजी धुरी. चौथा प्रबुद्ध होता, तो मुलाकडे मालाडला राहायला गेला आणि चौथी खुर्ची रिकामी झाली. 

जयवंत आणि गुणाजी हे एक प्रकरण आहे. दोघांचे बाप एकाच गिरणीत एकाच खात्यात. लालबागला दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत, आणि तीही नावापुरती. मुलुंडला घरं घेतली ती सुद्धा एकाच बिल्डिंगमध्ये. जयवंत एसी दुरुस्तीचं काम करायचा, अजूनही बिल्डिंगमधले लोक मे महिन्यात त्याला काका म्हणतात आणि जूनमध्ये विसरतात. अंगाने आडवा, डोकं असं की बल्ब बंद केला तरी चालेल. गुणाजी कोर्टात शिपाई होता. काटकुळा, आवाज मात्र पुकारा करून करून असा झालेला की तो ‘चहा’ म्हणाला तरी आरोपी उभा राहील.

गुणाजीने जयवंतला जयवंत म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. 

“ए टकल्याऽऽ, बस की रे. मुहूर्त काढू काय?”

“थांब रे सुक्या बोंबला. चष्मा शोधतोय.”

“डोक्यावर बघ. घसरून गेला असेल.”

आणि हे म्हणता म्हणता गुणाजी त्याच्यासाठी खुर्ची बोर्डाजवळ ओढणार, कारण जयवंतचा उजवा गुडघा दुखतो. दोघे भिडू म्हणून समोरासमोर बसत आणि विरुद्ध पार्टीपेक्षा एकमेकांचाच उद्धार जास्त करत. मला दोघे ‘भोंगा’ म्हणतात. का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. 

गुणाजीबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. त्याची करंगळी. स्ट्रायकर लावताना त्याची करंगळी अशी काही पसरते की वाटेतली सोंगटी आपोआप बाजूला होते. हे जयवंतला ठाऊक, मला ठाऊक, मीटर बॉक्सलाही ठाऊक. त्यावरून पूर्वी रोज तोंडी लढाई व्हायची, पण बाहेरच्या माणसासमोर त्याचं नाव कुणी काढत नसे.

अशा ठिकाणी टिपणीस साहेब येऊन चौथ्या खुर्चीवर बसले. मीच बोलावलं. बसण्याआधी जयवंतने ती खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसली. तिथेच साहेबांचं नशीब ठरलं. पुसलेल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला शिवी कशी द्यायची?

साहेब खेळायला झकास. कॉलेजात चॅम्पियन होते म्हणे. माझे भिडू झाले आणि आम्ही जिंकायला लागलो. पण मजा बघा. मी सोपी सोंगटी घालवली की गुणाजी म्हणायचा, “भोंग्या, बारा वाजले तुझे.” जयवंतने घालवली की त्याच्या टकलाचा उद्धार. आणि साहेबांनी घालवली की दोघेही मान हलवून म्हणायचे, “जाऊ द्या साहेब, होतं असं.” विमलावहिनी, म्हणजे जयवंतची बायको, खाली थर्मासमधून चहा पाठवायची. आम्हा तिघांना स्टीलचे पेले आणि साहेबांना कपबशी. सगळे हसायला लागले की साहेबही हसायचे, पण एक क्षण उशिरा, दार बंद व्हायच्या आत बसमध्ये चढल्यासारखे.

काही दिवसांनी वसुधावहिनी आमच्याकडे विरजण मागायला आल्या आणि दारातच हसायला लागल्या. “भाऊजी, तुम्ही काय करून ठेवलंय ह्यांना? काल जेवताना म्हणतात, वसुधा, मला कुणी काही म्हणत नाही. मी म्हटलं, कोण काय म्हणणार? तर म्हणतात, तेच ना!”

“मग तुम्ही म्हणा काहीतरी.”

“मी लग्नापासून म्हणतेय. ते ह्यांना धरायचंच नाहीये. घरची शिवी ह्यांना बेचव लागते.”

मी हे लगेच खाली जाऊन सांगणार होतो. पण मग वहिनी विरजणाची वाटी हातात घेऊन जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “ऑफिसातही असंच होतं हो. हे कॅन्टीनमध्ये गेले की तिथलं हसणं बंद व्हायचं. घरी येऊन सांगायचे, मी आत गेल्यावर सगळे किती शिस्तीत बसतात. मग एक दिवस सांगायचं बंद केलं. कॅन्टीनमध्ये जायचंही.” 

तेव्हा मी गप्प बसलो. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

त्यानंतर मी साहेबांकडे नीट बघायला लागलो. त्यांचं जळणं साधंसुधं नव्हतं हो. गुणाजीने जयवंतच्या पाठीत धपका घातला की साहेबांची पाठ जरा ताठ व्हायची. जणू पुढचा नंबर आपला. गुणाजी ‘टकल्याऽऽ’ म्हणाला की साहेबांचे ओठ हलायचे. ज्या दिवशी ते खाली येत नसत त्या दिवशी गॅलरीत उभे राहून ऐकत. मी वर बघून हात केला की कुंडीला पाणी घालायला लागत. त्या कुंडीतलं झाड कधीच मेलं होतं. एकदा मला म्हणाले, “मेस्त्री भाग्यवान आहेत.” मला वाटलं जयवंतच्या मुलाला नोकरी लागली त्याबद्दल म्हणतायत. तर म्हणाले, “नाही, धुरी त्यांना किती बोलतात!”

मग तो दिवस आला.

आदल्या संध्याकाळी जयवंतने राणी घेतली आणि कव्हरची सोंगटी पॉकेटच्या तोंडावर असताना स्ट्रायकर तिला न शिवता निघून गेला. गुणाजीने दोन्ही हात डोक्याला लावले. “टकल्याऽऽ, केसांबरोबर डोळे पण गळले काय रे तुझे?” जयवंत इतका हसला की पावडर उडाली. “डोळे शाबूत आहेत म्हणूनच तुझं थोबाड बघावं लागतं ना रोज!” साहेब बराच वेळ स्वतःशी मान डोलवत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं की माणूस पाठांतर करतोय.

दुसऱ्या दिवशी जयवंतचा नेम पुन्हा चुकला. सोंगटी सोपी होती. गुणाजी तोंड उघडणार, एवढ्यात साहेब म्हणाले, “टकल्या, केसांबरोबर डोळे पण गळले काय रे तुझे?”

शब्द तेच. एका काना-मात्रेचा फरक नाही. ‘रे’ सुद्धा जागच्या जागी. पण ते म्हणाले कसे, तर नोटीस वाचून दाखवल्यासारखे. गुणाजीच्या ‘टकल्याऽऽ’ला शेवटी एक हेल असतो, आणि तोंड भांडत असतं तेव्हा डोळे मिचकावत असतात. साहेबांच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. नुसती आशा होती, आणि ती नेमकी गुर्मीसारखी दिसली. 

जयवंतचा हात वर गेला आणि टकलावरून फिरला. मी हे कधी बघितलं नव्हतं. गुणाजी दिवसभर टकल्या टकल्या करतो, तेव्हा त्याचा हात जागचा हलत नाही. आत्ता तो असा गेला, जणू तिथे काही सांडलंय.

“खरंय साहेब,” तो म्हणाला. “हल्ली दिसत नाही नीट.”

गुणाजीने साहेबांकडे बघितलं. कोर्टात उलटतपासणी चालू असताना बघतात तसं. मग स्ट्रायकर बोर्डावर ठेवला. “चला, काळोख पडला.” बल्ब चालू होता. 

पुढचे दोन-तीन दिवस जयवंत खाली आला नाही. गुडघा दुखतोय असं विमलावहिनीने सांगितलं. साहेब पेढे घेऊन त्याच्याकडे गेले. जयवंतने त्यांना सोफ्यावर बसवलं, पंखा वाढवला, पाणी दिलं. “अहो साहेब, एवढं काय त्यात! तुम्ही मोठी माणसं. सोडा.” ज्या ज्या वेळी तो ‘साहेब’ म्हणाला, त्या त्या वेळी हे अंग चोरत गेले. शेवटी पेढे तिथेच ठेवून माझ्या दारात येऊन उभे.

“मी नेमकं काय चुकलो, हे मला सांगाल का? धुरी म्हणाले तेच मी म्हणालो. तेच वाक्य! त्यांना हसले, मला पाणी दिलं.”

मी त्यांना आत घेतलं. म्हटलं, बसा, तुम्हाला एका बापाची गोष्ट सांगतो, जो जिवंत होता.

जयवंतचे केस पंचविशीच्या आतच जायला लागले. लग्नाचं वय. एका मुलीकडच्यांनी चहा-पोहे झाल्यावर निरोप पाठवला, मुलगा बरा आहे पण वय लपवताय. जयवंतने घराबाहेर पडायचं सोडलं. टोपी घालून कामावर जायचा आणि टोपी घालूनच झोपायचा. गुणाजीने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी तो न्हाव्याकडे गेला आणि जयवंतपेक्षाही गुळगुळीत होऊन आला. 

आता गुणाजीचा बाप जिवंत होता. आणि आपल्यात बाप जिवंत असताना पोरगा असं तुळतुळीत डोकं करून चाळीत शिरला म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. गुणाजीच्या आईने त्याला बघून जो हंबरडा फोडला, तो ऐकून खालचे लोक धावले. बाप पहिल्या पाळीहून येऊन झोपला होता, तो उठून बाहेर आला तर लोक त्याच्याकडेच बघून दचकले. मग त्याने चप्पल काढली. “मेल्या, माका जित्तोच जाळलंस!” चाळभर पळवला. तरी बातमी पसरायची ती पसरली. आठवडाभर तो बिचारा म्हातारा गॅलरीत उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला खोकून दाखवायचा. एक लांबचा मेहुणा कणकवलीहून एसटीने रात्रभर प्रवास करून भेटायला आला, आणि दार उघडायला मयतच आलं.

गुणाजीने मार खाल्ला आणि जयवंतच्या दारात जाऊन उभा राहिला. “चल टकल्या. आता दोघे टकले. मुलगी बघायला मी पण येतो. मुलीला निवड करू दे, कमी वाईट कोण ते.” 

आणि गेले की दोघे, तसेच! ती मुलगी म्हणजे आमची विमलावहिनी. तिच्या वडिलांनी दारात दोन तुळतुळीत डोकी बघून गंभीरपणे विचारलं, “कोण गेलं?” गुणाजी म्हणाला, “केस गेले.” आत स्वयंपाकघरात विमलावहिनी हसली. ते बाहेर ऐकू आलं. जयवंतने टोपी खिशात घातली ती आजतागायत. 

“तेव्हापासून तो त्याला टकल्या म्हणतो,” मी म्हटलं. “तुम्ही ऐकता तेव्हा तुम्हाला एक शब्द ऐकू येतो. जयवंतला चप्पल, चाळ, म्हातारा, कणकवलीचा मेहुणा, सगळं ऐकू येतं. गुणाजीला त्या टकलात काही कमी दिसतंय अशी शंका जयवंतला येऊच शकत नाही. त्याने स्वतःचं डोकं दिलंय त्यात. तुमच्या तोंडून तोच शब्द आला तेव्हा त्याच्यामागे काय होतं? काहीच नाही. मग जयवंतने रिकाम्या जागी काय भरायचं? तो चहा-पोह्यांनंतरचा निरोपच ना!”

साहेब ऐकत होते. मला वाटलं, आता समजलं, आता उतरेल जळफळाट. कसला उतरतोय! चेहरा आणखी उतरला.

“माझ्यासाठी,” ते म्हणाले, “कुणी साधी दाढीसुद्धा वाढवली नाही.”

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मला राहवेना. म्हटलं, “साहेब, गुणाजी बोलून झाल्यावर काय करतो बघितलंत कधी? जयवंतच्या तोंडाकडे बघतो. रोज. गेल्या वर्षी जयवंतच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आणि ऑपरेशन व्हायचं होतं, तेव्हा महिनाभर गुणाजीने डोळ्यांचं नाव काढलं नाही. टकलावर बोलायचा, पोटावर बोलायचा, डोळ्यांवर नाही. पट्टी निघाली, जयवंतला कॅलेंडरवरची तारीख दिसली, आणि दुसऱ्या दिवशी गुणाजीचं डोळे-पुराण सुरू. दुसऱ्याला कुठे दुखतंय हे ठाऊक असलेला माणूस बरोबर शेजारी चिमटा काढतो. तुम्हाला नकाशाच माहीत नाही आणि तुम्ही बोट लावलंत.”

“मग मी आता काय म्हणू त्यांना?”

“काही म्हणू नका. आणि खरं सांगू? जयवंत गुणाजीला लगेच बोंबील म्हणतो, म्हणून ते चालतं. तुम्हाला तो उलटून काय म्हणणार? तुमच्यात बोट ठेवायला जागाच नाही. केस शाबूत, शर्ट शाबूत, खेळ शाबूत. मारणारा एकटा आणि परत मारायची सोय नाही, याला थट्टा म्हणत नाहीत हो, याला इन्स्पेक्शन म्हणतात.”

ते उठले. दारात म्हणाले, “धन्यवाद, भोंगे.” त्यांनी ‘भोंग्या’ म्हणायचा प्रयत्न केला होता, पण आदर सुटला नाही.

त्यानंतर कॅरम सुरू झाला, पण फार वाईट सुरू झाला. साहेब आले की गुणाजी जयवंतला टकल्या म्हणेना. “मेस्त्री, तुमची पाळी,” म्हणू लागला. शप्पथ सांगतो, ते ‘मेस्त्री, तुमची’ ऐकून माझ्या अंगावर काटा आला. जयवंतही “हो धुरी” म्हणायचा. साहेबांना कपबशीबरोबर आता बिस्कीटही यायला लागलं. त्यांनी ते ओळखलं. शिवीवर जळणारा माणूस, त्याच्यामुळे शिव्याच बंद पडल्या! ते दर संध्याकाळी मान खाली घालून जिंकत आणि वर जात. ते वर गेले की त्यांच्यामागे पुन्हा ‘टकल्याऽऽ’ सुरू व्हायचं, आणि मला ठाऊक आहे, ते जिन्यात थांबून ऐकत होते. लिफ्ट असताना जिना, तो कशाला? 

एका रविवारी संध्याकाळी आम्ही बोर्ड मांडत होतो. जयवंत गेटाजवळ स्कूटर पुसत उभा. शेजारच्या नव्या टॉवरमध्ये कुणाकडे तरी पाहुणा आला होता, त्याची ही भलीमोठी गाडी, वळवायला आमच्या गेटात घुसवली. जयवंतची स्कूटर आडवी. काच खाली झाली.

“ए टकल्या, दिसत नाही का रे? काढ ना ती बाजूला!”

म्हणजे बघा, तेच टक्कल आणि तेच डोळे. त्याने काही वेगळं म्हटलं नाही.

जयवंतचा हात वर गेला आणि टकलावरून फिरला. 

मी साहेबांच्या शेजारीच होतो. त्यांनी तो हात बघितला आणि माझ्याकडे वळून इतक्या हळू म्हणाले की मलाच कसंसं झालं. “मी म्हणालो तेव्हा त्यांनी असंच केलं होतं.”

तोवर गुणाजी गेटात. “टकल्या कोणाला म्हणतोस रे? कोणाला? उतर खाली, शिरा पडो तुझ्या तोंडार! उतर!”

गाडीवालाही उतरला. तरणा, जिममधला. “काका, तुम्हाला नाही म्हटलं. तुम्ही का तापताय?”

“मला म्हटलं असतंस तर सोडलं असतं!”

आता गुणाजीचं वजन त्याच्या चपलांसकट किती असेल? मी पुढे व्हावं की सेक्रेटरीला हाक मारावी या विचारात, म्हणजे विचारातच. तेवढ्यात टिपणीस साहेब दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, सरळ भांग. घसा साफ केला.

“एक मिनिट. आपण ह्या गृहस्थांना टकल्या म्हणू शकत नाही.”

“का? टकले नाहीत ते?”

“आहेत,” साहेब म्हणाले. “परंतु तसं म्हणायचा अधिकार फक्त ह्या दुसऱ्या गृहस्थांचा आहे. मीही एकदा म्हणालो होतो. माझी चूक झाली होती. आपली होते आहे. आपण माफी मागून गाडी मागे घ्यावी.”

गाडीवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, गुणाजीकडे बघितलं, जयवंतच्या टकलाकडे बघितलं. अशा भांडणाची त्याला सवय नव्हती. “सॉरी अंकल,” असं काहीतरी पुटपुटला, गाडीत बसला आणि मागे घेताना आमच्या गेटाचा रंग थोडा घेऊन गेला.

जयवंतचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतोय. मग आवाज फुटला.

“गृहस्थ! ह्या गृहस्थांना! अरे मेल्या गुण्या, तू गृहस्थ कधी झालास रे?”

“मी दुसरा गृहस्थ!” गुणाजीला खोकला आला. “पहिला तू. टकल्या गृहस्थ!”

आम्ही बोर्डाकडे आलो तरी हसणं थांबेना. साहेब मागे उभे. नेहमीच्या उशिराने हसावं की नाही या विचारात. खुर्ची पुसायला त्या दिवशी कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गुणाजी बसला, सोंगट्या लावायला घेतल्या आणि मान वर न करता ओरडला,

“ए गृहस्थाऽऽ! बसतोस की पालखी पाठवू?”

मी साहेबांकडे बघत होतो. चेहरा पांढरा पडला. एवढे दिवस ज्याच्यासाठी जीव जळत होता ते मिळालं, आणि ते आधी टोचलं! माणूस पार गोंधळला. हात खिशात गेला. इतकं बोलून गुणाजीने मान वर केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. रोज जयवंतच्या तोंडाकडे बघतो तसं. आणि स्वतःचा चहाचा स्टीलचा पेला बोर्डाच्या कडेवरून त्यांच्यापुढे सरकवला.

“घे. कपबशी वर राहिली.”

साहेब बसले. धूळ असलेल्या खुर्चीवर, त्या पँटमध्ये. पेला गरम होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि घोट घेतला. मग कॅरम सुरू झाला. दोन-तीन हात झाले. गुणाजीने स्ट्रायकर लावला, नेम धरला. त्याच्या पांढऱ्या सोंगटीपुढे आमची काळी आडवी होती, आणि ती तशीच आडवी राहिली. साहेब तिच्याकडे बघत होते. पहिल्या दिवसापासून त्यांनी ती करंगळी बघितलेली होती, हे मला त्याच क्षणी कळलं. इतके महिने सभ्यपणाने गिळली होती.

“गुणाजी,” ते म्हणाले. धुरी नाही. शेवटी हेल काढायचा राहून गेला, पण डोळे हसत होते. “आज तुझी करंगळी रजेवर आहे का रे?”

जयवंत खुर्चीवरून पडायचाच राहिला. बोर्डावर हात आपटले, सोंगट्या उधळल्या, राणी पॉकेटात गेली ती तशीच. “अरे देवा! बघितलं होतं! गृहस्थाने सगळं बघितलं होतं!” त्याने टिपणीसांच्या पाठीत असा धपका घातला की त्यांचा भांग विस्कटला. तो त्यांनी सारखा केला नाही. वरच्या गॅलरीत वसुधावहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या, काय झालं बघायला. त्यांनी नवऱ्याला इतक्या मोठ्याने हसताना ऐकलं तेव्हा आधी घाबरल्याच, नंतर मला खाणाखुणा करून विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगतो, आता मजा चाललीये. मी सुद्धा कधी कधी उद्यावर ढकलतो.

गुणाजी मात्र हसला नाही. करंगळी खिशात घातली. जयवंत अजून डोळे पुसत होता आणि टिपणीसांच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा पुन्हा “रजेवर! रजेवर!” म्हणत होता. गुणाजीने तो खांद्यावरचा हात बघितला. चांगला थोडा वेळ बघितला. चेहऱ्यावर तेच, जे मी इतके महिने चौथ्या खुर्चीवर बघत आलो होतो.

“पुरे रे टकल्या,” तो म्हणाला. “एवढं काय हसायचं त्यात? माझ्या बोलण्यावर हसलास काय कधी असा?”